अनुभव धागा: सल्लागाराच्या फीवरचा टीडीएस प्रकल्पाच्या खर्चाच्या ओळीत कसा दाखवता?

माणदेशी हिशेबनीस (म्हसवड)

मार्च सरला की आपल्या सातारा-सांगलीकडच्या संस्थांमध्ये उपयोगिता प्रमाणपत्रांची घाई सुरू होते आणि बऱ्याच ठिकाणी गाडी एकाच ओळीवर अडते: सल्लागार मानधन. बिल एका रकमेचं असतं, सल्लागाराच्या खात्यावर जाते दुसरीच रक्कम, आणि उरलेली चलनाने सरकारजमा होते. मग खर्चाच्या रकान्यात आकडा कोणता लिहायचा?

सगळ्यांना एकाच उदाहरणावर बोलता यावं म्हणून नमुना देतो. जत तालुक्यातला पाणलोट प्रकल्प, आर्थिक वर्ष २०२५-२६. बजेटची ओळ ३.२, भूजल सल्लागार, ६०,००० चे ३ हप्ते, एकूण १,८०,०००. बिलं ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्चमध्ये आली. सल्लागाराचा पॅन आहे, जीएसटी नोंदणी नाही. कलम १९४जे खाली १० टक्के कपात. तिसऱ्या हप्त्याचे ५४,००० रुपये २८ मार्चला दिले, त्यातला टीडीएस २४ एप्रिलला भरला.

तुमच्याकडे हे कसं दाखवता, कुठे चुकतं, ते आकड्यांसह लिहा.

कृष्णाकाठची सीए (सांगली)

ओळ ३.२ मध्ये खर्च १,८०,००० च. टीडीएस हा प्रकल्पाचा खर्च नाहीच, तो सल्लागाराचा आयकर आहे. त्याच्याच फीतून आपण तो बाजूला काढतो आणि त्याच्या पॅनवर जमा करतो. बिल ६०,००० चं, म्हणून खर्च ६०,००० चा.

बिल आलं की नोंद अशी पडते: सल्लागार मानधन खाते नावे ६०,०००, सल्लागार खाते जमा ५४,०००, टीडीएस देणे खाते जमा ६,०००. पुढे बँकेतून ५४,००० गेले की सल्लागार खातं मिटतं आणि चलन भरलं की टीडीएस देणे मिटतं. या दोन्ही वेळी मानधन खात्याला हात लावायचा नाही. चलन भरताना पुन्हा मानधन नावे टाकलं, तर तीन हप्त्यांचा खर्च १,९८,००० दिसतो आणि ओळ १८,००० ने फुगते. खर्च बरोबर बजेटच्या १० टक्क्यांनी जास्त दिसला की आधी चलनांच्या नोंदी तपासा.

उलटी चूक जास्त महागात पडते. पासबुक समोर ठेवून अहवाल भरणारे ५४,००० लिहितात. वर्षाअखेर ओळीत १८,००० शिल्लक दिसते आणि देणगीदार ती परत मागतो, नाहीतर पुढच्या हप्त्यातून वळती करतो. पैसे तर सरकारजमा झालेले असतात, म्हणजे भुर्दंड संस्थेला.

आता ३१ मार्चचं चित्र. सल्लागाराला १,६२,००० गेले, दोन चलनांचे १२,००० गेले, म्हणजे बँकेतून एकूण १,७४,००० बाहेर पडले. खर्च १,८०,०००. मधले ६,००० खात्यात पडून आहेत, पण ते आपले नाहीत. ताळमेळाच्या कागदावर हे स्वच्छ लिहा: बँक शिल्लक वजा टीडीएस देणे म्हणजे अखर्चित निधी. मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायची मुदत ३० एप्रिल, बाकीच्या महिन्यांची पुढच्या महिन्याची ७ तारीख. नेमकं याच फटीत हे ६,००० अखर्चित समजून देणगीदाराला परत पाठवले जातात आणि एप्रिलमध्ये चलनाला पैसे उरत नाहीत.

वाळवेकर

आम्ही बजेट करतानाच 'टीडीएस १० टक्के' अशी वेगळी ओळ ठेवतो, ऑडिटरला लगेच सापडते. आणि ५०,००० च्या आतलं बिल असेल तर कापायची गरजच नाही, त्यामुळे बिलं तुकड्यात घेतलेली बरी.

कृष्णाकाठची सीए

दादा, वेगळी ओळ चालेल, पण ती ३.२ च्या पोटात हवी: ३.२ अ सल्लागारास अदा ५४,०००, ३.२ ब टीडीएस ६,०००, बेरीज ६०,०००. वर ६०,००० ठेवून खाली पुन्हा ६,००० मागितले तर देणगीदाराकडे एकाच फीचे दोनदा पैसे मागितल्यासारखं होतं.

५०,००० ची मर्यादा मात्र बिलागणिक नाही. एका सल्लागाराला वर्षभरात मिळून किती फी, ते बघायचं. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३०,००० होती. समजा जूनमध्ये ३०,००० चं बिल आलं, वर्षाचं एकूण माहीत नव्हतं, कापलं नाही. सप्टेंबरमध्ये ४०,००० चं आलं. बेरीज ७०,००० झाली, आता कपात पूर्ण ७०,००० वर, म्हणजे ७,०००. सल्लागाराच्या हातात ३३,०००. खर्चाच्या ओळीत मात्र जूनला ३०,००० आणि सप्टेंबरला ४०,००० च. हे ३३,००० बघून 'बिल कमी मंजूर झालं' असा शेरा मारलेली व्हाउचरं असतात. त्यावर कपातीची आकडेमोड पेनाने लिहून ठेवा. आणि वर्षाचं एकूण करारातच दिसत असेल, तर पहिल्या बिलापासूनच कापा.

विटा अकाउंट्स

टॅलीत प्रकल्पवार अहवाल काढणाऱ्यांसाठी. कॉस्ट सेंटर फक्त मानधन लेजरला जोडा. टीडीएस देणे लेजरला जोडलंत, तर चलनाची रक्कमही प्रकल्पाच्या अहवालात उमटते.

खरी डोकेदुखी एकत्र चलनाची. टॅन एकच असतो, प्रकल्प चार, आणि महिन्याचं १९४जे चं चलन एकच, धरा १८,५०० चं. जतच्या प्रकल्पाचे त्यातले ६,०००. देणगीदाराचा ऑडिटर चलन हातात घेऊन विचारतो, यातले आमचे किती? म्हणून प्रत्येक चलनामागे एक कागद जोडावा: सल्लागार, बिल क्रमांक, प्रकल्प, बजेट ओळ, बिलाची रक्कम, कपात. शेवटची बेरीज चलनाशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. हाच कागद तिमाहीच्या २६क्यू विवरणालाही लागतो.

चलन संस्थेच्या मुख्य खात्यातून भरलं असेल, तर प्रकल्पाच्या खात्यातून ६,००० त्याच महिन्यात मुख्य खात्यात वळते करा. हे राहून गेलं की प्रकल्पाच्या खात्यात खोटी शिल्लक साचत जाते.

कराडचा सर्वेक्षक

मी सल्लागाराच्या बाजूचा आहे. मला ५४,००० मिळाले, मग रिटर्नमध्येही ५४,००० च दाखवायचे ना? संस्था म्हणते ६०,००० दाखवा.

विटा अकाउंट्स

विषय थोडा वेगळा आहे, पण संस्था बरोबर सांगतेय. उत्पन्न ५४,००० नव्हे, पूर्ण ६०,००० दाखवायचं आणि कापलेले ६,००० भरलेला कर म्हणून वजा मागायचे. २६एएस मध्ये ते दिसत नसतील, तर संस्थेने विवरण भरलं नाही किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला. फॉर्म १६ए मागून घ्या.

मिरजेची प्रकल्प समन्वयक

आमच्याकडे गोंधळ हिशेबात नसतो, करारात असतो. सल्लागार म्हणतो, 'ताई, हातात ६०,००० पडले पाहिजेत', आणि आपण हो म्हणतो. मग फी ६०,००० राहत नाही. ६०,००० भागिले ०.९, म्हणजे ६६,६६७ होते. कर ६,६६७. तीन हप्त्यांत ओळ ३.२ सुमारे २०,००० ने ओलांडते आणि ओळींमधला बदल मंजूर करून घ्यावा लागतो. करारात एवढं वाक्य घाला: 'फी ६०,०००, यातून नियमानुसार आयकर कपात होईल.'

सल्लागार जीएसटीवाला निघाला तर वेगळा प्रश्न. ६०,००० वर १८ टक्के, म्हणजे १०,८००, बिल ७०,८०० चं. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त ६०,००० वर, म्हणजे ६,०००. त्याला ६४,८०० जातात. संस्थेला त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नसेल, तर खर्च पूर्ण ७०,८००. बजेट मात्र ६०,००० चं. म्हणून बजेटच्या टिपेत 'सर्व करांसह' की 'जीएसटी वेगळा' हे आधीच ठरवा. टीडीएसने ओळ वाढत नाही, जीएसटीने वाढते. मंजुरीआधी मी हे सहकाऱ्यांना दरवेळी सांगते.

माणदेशी हिशेबनीस

उशीर झाला तर व्याज कुठल्या ओळीत टाकता? २८ मार्चला कापलेले ६,००० समजा ४ मे ला भरले.

विटा अकाउंट्स

कुठल्याच प्रकल्प ओळीत नाही. दर महिना किंवा त्याच्या भागाला दीड टक्का. तुमच्या उदाहरणात मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने धरले जातात, म्हणजे ४.५ टक्के, २७० रुपये. विवरण उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क वेगळं, कपातीच्या रकमेपर्यंत. दोन्ही संस्थेच्या स्वतःच्या निधीतून. चलनातही व्याजाचा रकाना वेगळा भरा. सगळं करात टाकलं की २७० ची मागणी पुन्हा निघते.

आटपाडी ग्रामविकास

परदेशी निधीचा प्रकल्प असेल तर चलनही एफसीआरए खात्यातूनच भरा. लोकल खात्यातून भरून नंतर भरपाई म्हणून रक्कम वळवायला जाऊ नका. तो व्यवहार विवरणात समजावून सांगणं फार अवघड जातं.

दोन गोष्टी मलाही विचारायच्या आहेत. आमचे सल्लागार एसटी आणि लॉजची बिलं फीच्या बिलातच जोडतात. त्यावरही कापायचं का? आणि तांत्रिक सेवा धरून २ टक्के लावलं तर चालतं का?

कृष्णाकाठची सीए

प्रवास फीच्याच बिलात एकत्र असेल तर मी पूर्ण बिलावर कापते. मूळ पावत्यांसह वेगळा दावा असेल तर कापत नाही, आणि बजेटमध्ये तो प्रवासाच्या ओळीत जातो. खर्चाची ओळही त्यामुळे स्वच्छ राहते.

२ टक्क्यांबाबत माझं मत सावध आहे. अभियंता, वास्तुविशारद, वकील, लेखापाल यांचं काम व्यावसायिक सेवा, तिथे १० टक्केच. भूजल सर्वेक्षणही मी त्यातच धरते.

विटा अकाउंट्स

इथे माझं ताईंशी जमत नाही. नुसतं यंत्राने मोजमाप करून आकडे देणारा माणूस असेल तर मी २ टक्के लावतो आणि करारात कामाचं वर्णन तसंच लिहून घेतो. अहवाल आणि शिफारशी असतील तर १० टक्के. खर्चाची ओळ दोन्हीकडे ६०,००० च राहते, फक्त हातात ५४,००० ऐवजी ५८,८०० पडतात. कमी कापल्याचं अंगावर आलं तर फरक आणि व्याज संस्थेला भरावं लागतं, एवढं अध्यक्षांना आधी सांगून ठेवतो.

कृष्णाकाठची सीए

तोच फरक देणगीदार मान्य करत नाही, म्हणून मी १० वर थांबते. आणखी एक, नवीन बजेटच्या टिपांमध्ये '१९४जे' लिहू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि सल्लागाराची ही कपात त्यात कलम ३९३ खाली येते. जतचा मार्चमधला हप्ता मात्र जुन्याच कलमाखाली जाईल, चलन एप्रिलमध्ये भरलेलं असलं तरी.