कँटीनची कपात: दरमहा ठोक की जेवणागणिक?

फिरतीवाला: आमच्या कंपनीचं स्वतःचं कँटीन आहे. जेवणाच्या खर्चातला ४० टक्के वाटा आमच्या पगारातून कापतात, ६० टक्के कंपनी सोसते. पण कपात दरमहा ठोक, पूर्ण २५ दिवसांची होते. माझं काम बाहेरचं, महिन्यात जेमतेम १० दिवस कँटीनला जेवतो. जेवलो तेवढ्याचेच पैसे कापावेत असं माझं म्हणणं. चुकतंय का?

हिशेबनीस: अजिबात नाही. एका जेवणाचा खर्च १०० धरा. तुमचा वाटा ४०, २५ दिवसांचे १०००. दहाच वेळा जेवलात तर एक जेवण पुऱ्या १०० ला पडलं, सवलत कुठे राहिली? आठच दिवस जेवलात तर १२५ ला. आता कंपनीकडून बघा. २०० माणसांची कपात २ लाख. सरासरी १८ दिवस जेवत असतील तर ३६०० जेवणं, खर्च ३ लाख ६० हजार. कंपनीने घातले १ लाख ६० हजार, म्हणजे ४४ टक्के. सांगायचं ६० आणि द्यायचं ४४, ही सरळ लबाडी आहे.

कँटीन सांभाळणारी: लबाडी म्हणण्याआधी खर्च नीट मांडा. जेवणं कमी झाली म्हणून आचाऱ्याचा पगार कमी होत नाही. तुमच्या १०० मधले साधारण ४५ पगार, भांडी, दुरुस्ती, साफसफाई यांचे धरा. ते ५००० जेवणांचा अंदाज धरून वाटलेले असतात. म्हणजे २ लाख २५ हजार ठरलेलेच. ३६०० जेवणांचं सामान आणि इंधन ५५ प्रमाणे १ लाख ९८ हजार. एकूण ४ लाख २३ हजार. कपात २ लाख वजा केली तर कंपनीवर २ लाख २३ हजार पडतात, जवळजवळ ५३ टक्के. साठ नाहीत हे मान्य, पण ४४ सुद्धा नाहीत.

जेवणागणिक कापलं तर हातात १ लाख ४४ हजार येतात आणि कंपनीचा वाटा ६६ टक्क्यांवर जातो. मग वरून निरोप येतो, जेवणातलं काहीतरी कमी करा. ते मी ऐकलेलं आहे.

भत्त्याच्या बाजूचा: एवढा खटाटोप कशाला? कँटीन बंद करा आणि रोख भत्ता द्या. ज्याला जे आवडेल ते खाईल.

रात्रपाळी: प्रश्न कपातीचा आहे, कँटीन हवं की नको असा नाही. आणि रात्री दीडला रोख पैसे घेऊन मी जेवायला कुठे जाऊ? आमचं जेवण संध्याकाळी सहाला तयार होतं. दीडला झाकण उघडलं की वरती साय धरलेली, कडा वाळलेल्या. शेवटच्या चार-पाच जणांना कधी पुरतही नाही. कपात मात्र दिवसपाळीएवढीच. ठोक कपातीत आम्ही जेवलो की नाही याची नोंदच होत नाही, माझा राग त्याचा आहे.

कँटीन सांभाळणारी: तुमचं खरं आहे, नोंद हवीच. आमच्याकडे आधी हजेरीवर शिजायचं. फळ्यावर १९० हजर लिहिलेलं, आणि ताटं उठायची १३० च्या आसपास. उरलेलं तोलून टाकताना हात जड व्हायचे. मग आदल्या दिवशी चारपर्यंत नाव द्यायचं ठरवलं. नाव दिलं की कपात, जेवा किंवा नका जेवू. चारच्या आत रद्द केलं तर कपात नाही. ताटांची मोजणी खिडकीवर कार्ड लावून होते, पाळीनिहाय. नावं आणि ताटं यांत रोज पाच-सात टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर काहीतरी बिघडलंय समजायचं: एकतर लोक नाव देऊन येत नाहीत, नाहीतर कार्डाशिवाय वाढलं जातंय.

फिरतीवाला: अचानक बाहेर पाठवलं तर? मला सकाळी नऊला कळतं.

कँटीन सांभाळणारी: कामासाठी पाठवलं असेल तर ते जेवण त्या विभागाच्या खात्यावर टाकायचं, तुमच्या पगारातून नाही. हे आधी लिहून ठेवलं नाही तर वेतन विभाग ऐकत नाही. बिनपगारी रजेवरच्या बाईंच्या नावावर दोन महिने पूर्ण कपात लागल्याचं मी पाहिलंय. कपातीची यादी महिन्याच्या सुरुवातीलाच गेलेली होती.

हिशेबनीस: ठरलेला खर्च मी सोडला होता, माझा ४४ चा आकडा चुकला. पण मुद्दा सोडत नाही. स्वयंपाकघर चालवायचं कंपनीने ठरवलं, तर ते ४५ कंपनीचेच. माणसाने आपल्या जेवणाच्या ५५ मधला वाटा द्यावा. त्यातले ४० घेणं म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश झाले.

कँटीन सांभाळणारी: शिजवणाऱ्या हातांशिवाय नुसतं सामान म्हणजे जेवण नव्हे. इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

फिरतीवाला: मागच्या तीन महिन्यांची पाळीनिहाय ताटं आणि एकूण कपात, हे दोन आकडे मी कँटीन समितीकडे लेखी मागतोय.

रात्रपाळी: त्यात जेवण किती वाजता शिजलं तेही मागा.