सोनं भागिले चांदी: रेशो खाली म्हणजे चांदी वर?

सरळहिशोब (मूळ पोस्ट): सोन्याचा भाव भागिले चांदीचा भाव, एवढा एकच चार्ट बघा. रेशो सरासरीच्या वर असेल तर चांदी स्वस्त, खाली वळला की चांदी चढणार. दोनशे वर्षांची सरासरी खोटं बोलत नाही.

तराजू: असलं काही वाचलं की राहवत नाही. रेशो फक्त एवढंच सांगतो की दोघांत पुढे कोण आहे, दोघं कुठे चाललेत ते नाही सांगत. एप्रिल २०११ घ्या. सोनं औंसाला साधारण १५०० डॉलर, चांदी ४८ च्या आसपास, रेशो ३१-३२. डिसेंबर २०१५ ला सोनं १०६० च्या जवळ, चांदी १४ च्या, म्हणजे रेशो ७६. साडेचार वर्षं चार्ट चढताच, नुसता तेवढाच बघणारा म्हणेल सोन्यात काय तेजी आहे! प्रत्यक्षात सोनं जवळपास ३० टक्के पडलं होतं, चांदी ७० टक्के पडली म्हणून सोनं वरचढ दिसलं. रेशो बघून नुसतं सोनं घेतलेल्याचे पैसे गेलेच, कमावले त्याने ज्याने सोनं घेऊन तेवढ्याच रकमेची चांदी शॉर्ट केली. म्हणून रेशोच्या खाली दोन्ही भावांचे वेगळे चार्ट लावल्याशिवाय मी काही बोलत नाही.

सरळहिशोब: सोयीचं उदाहरण काढलंत. २०२० का नाही सांगत? मार्चमध्ये रेशो १२० च्या वर, ऑगस्टमध्ये ७० च्या आसपास, चांदी १२ वरून २८ वर. मी म्हणतो तेच झालं ना?

तराजू: झालं, नाही कोण म्हणतंय. चांदी तेजीत सोन्यापेक्षा जोरात पळते आणि मंदीत जोरात आपटते, त्यामुळे रेशो उतरताना बरेचदा दोन्ही धातू चढत असतात. पण "बरेचदा" हा शब्द तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

रात्रपाळी: माझंच सांगतो. २०१८ च्या सुरुवातीला रेशो ८० होता, सगळीकडे वाचलं की सरासरी ६०, म्हणून सोनं देऊन चांदी घेतली, एका औंसाला ८० औंस. वाटलं ६० ला परत फिरवू. तो गेला वर, वरच जात राहिला, मार्च २०२० मध्ये १२० झाला तेव्हा झोप उडाली आणि सगळं परत सोन्यात फिरवलं. ८० भागिले १२०, म्हणजे एका औंसाचं दोन तृतीयांश उरलं, घट आणि कमिशन वेगळंच. पाच महिने थांबलो असतो तर ७० ने भागून १.१४ औंस झालं असतं. अजून डोक्यातून जात नाही.

सरळहिशोब: वाईट झालं, पण चूक तुमच्या घाईची. सरासरीकडे परत आलाच ना?

जुनी_नाणी: कुठली सरासरी हो? दोनशे वर्षांची म्हणता त्यातली पहिली पन्नास-साठ वर्षं बाजाराची नव्हेतच! अमेरिकेने १७९२ ला कायद्याने १५ ठरवला, १८३४ ला १६ केला, फ्रान्सने १८०३ ला १५.५. टांकसाळ त्या दराने नाणी पाडून देत होती म्हणून रेषा सपाट. १८७० च्या दशकात जर्मनी, अमेरिका एकेक करून चांदीपासून दूर झाले आणि रेशो सुटला तो सुटलाच. कायद्याचा आकडा आणि बाजाराचा आकडा एकत्र घोटायचे आणि वर "नैसर्गिक रेशो १५" म्हणून सांगायचं, याची मला खरोखर चीड येते.

सरळहिशोब: १५ मी म्हटलंच नाही, माझ्या तोंडी घालू नका.

जुनी_नाणी: दोनशे वर्षं म्हटलंत, त्यात ते १५ आलंच की! १९८० च्या जानेवारीत १७ आणि १९९१ ला १०० च्या आसपास. अकरा वर्षांत एवढा फिरणारा आकडा सरासरीला बांधला जाईल कसा?

नवखा_७: हे सगळं डॉलरमध्ये चाललंय, मी माझ्या चलनात चार्ट काढला तर वेगळा येईल का?

तराजू: नाही. वर-खाली एकच चलन असेल तर ते कटतं, आकडा तोच राहतो. फरक पडला तर दोन धातूंवरचा कर वेगळा असल्याने. वजनाचं एकक मात्र सांभाळा, सोनं दहा ग्रॅमचं आणि चांदी किलोची धरून भागलंत की सगळं चुकलं.

सरळहिशोब: ठीक आहे, दोनशे वर्षं मागे घेतो. शेवटची चाळीस घ्या. तरी ८० च्या वर चांदी स्वस्त हे मी सोडणार नाही.

तराजू: सोन्याच्या मानाने स्वस्त, एवढं म्हणा, मग माझं भांडण नाही. पण रात्रपाळींना हाच आकडा १२० पर्यंत छळत राहिला.

रात्रपाळी: मग ८० ला फिरवायचं नाही तर कधी?

तराजू: मी आकड्यावर फिरवत नाही. रेशोचा आठवड्याचा चार्ट वरचे टप्पे तोडणं थांबवून मागचा तळ मोडतो, तेव्हा थोडंसं फिरवतो, सगळं कधीच नाही. शेंडा हुकतो, तो हुकणारच.

जुनी_नाणी: त्यातही खोटे तळ मोडतात.

तराजू: मोडतात. म्हणून तर थोडंसं.