ग्लुकोमीटर ६९९ चा घ्यावा की १,३५० चा? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

सायली, बी-२०४ (शनिवार, सकाळी ९.४०)
सर्वांना नमस्कार. बाबांना गेल्या आठवड्यापासून इन्सुलिन सुरू झाले असून डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी अशी रोज दोन वेळा साखर तपासून वहीत लिहून ठेवायला सांगितली आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दोन ग्लुकोमीटर पाहिले. एक ६९९ रुपयांचा असून त्याच्यासोबत २५ स्ट्रिप मिळतात, तर दुसरा १,३५० रुपयांचा असून सोबत दहाच मिळतात. दोन्ही खोक्यांवर आयएसओ १५१९७:२०१३ हे मानक छापलेले आहे. माझा कल स्वस्त मीटरकडे आहे, तरी कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.

फडके काका, ए-५०३ (सकाळी ९.५८)
सायली, अजून पैसे दिले नसशील तर थोडी थांब आणि दुकानदाराला एवढेच विचार, की या दोन्ही मीटरच्या ५० स्ट्रिपचे खोके केवढ्याला मिळते. एका कंपनीची स्ट्रिप दुसऱ्या कंपनीच्या मीटरमध्ये चालत नाही, त्यामुळे मीटर घेतला की पुढची चार-पाच वर्षे कोणाकडून माल घ्यायचा हे त्याच दिवशी ठरून जाते. छापील किमतीवर सूट देऊन तो प्रत्यक्षात किती घेतो, तोच आकडा हवा.

सायली, बी-२०४ (सकाळी १०.३०)
काका, विचारून आले. ६९९ च्या मीटरच्या ५० स्ट्रिप १,१५० रुपयांना आणि १,३५० च्या मीटरच्या ५० स्ट्रिप ६५० रुपयांना मिळतात. म्हणजे एक स्ट्रिप अनुक्रमे २३ आणि १३ रुपयांना पडते. एवढा फरक असेल असे वाटले नव्हते.

फडके काका, ए-५०३ (सकाळी १०.५५)
आता हिशेब सोपा आहे. रोज दोन म्हणजे वर्षाला ७३० तपासण्या. स्वस्त मीटरला २५ स्ट्रिप फुकट धरल्या तरी उरलेल्या ७०५ विकत घ्याव्या लागतील, त्यांचे १६,२१५ रुपये आणि मीटरचे ६९९ मिळून पहिल्या वर्षाचा खर्च १६,९१४ रुपये होतो. महाग मीटरच्या ७२० स्ट्रिपचे ९,३६० आणि मीटरचे १,३५० मिळून १०,७१० रुपये होतात. दुकानात ज्याच्यामुळे ६५१ रुपये वाचल्यासारखे वाटतात, तोच मीटर वर्षभरात सहा हजारांहून अधिक जास्त घेऊन जातो. साधारण ११० तपासण्यांना दोघांचा एकूण खर्च सारखा होतो, म्हणजे तुमच्या घरी पंचावन्न दिवसांत, आणि त्यानंतर रोजचे वीस रुपये वाचत राहतात.

मीटरच्या सेलचा विचार या हिशेबात करूच नकोस. सीआर २०३२ चा बटन सेल चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो आणि शेकडो तपासण्या चालतो. बोट टोचायच्या सुयाही बहुतेक पेनांना साध्या गोल दांड्याच्या चालतात. फक्त पेनाला त्याच कंपनीची खास आकाराची सुई लागत नाही ना, एवढे खोके उघडून पाहून घे.

मीनाताई, सी-१०१ (सकाळी ११.२०)
काका, आपला हिशेब वाचला आणि मनाला लागला, कारण मी गेल्या वर्षी नेमका हाच १,३५० चा मीटर घेतला होता आणि तरीही माझा खर्च कमी झालेला नाही. मी गोळ्यांवर आहे आणि आठवड्यातून दोनदाच साखर तपासते. परवा एकाच सकाळी लागोपाठ १३८ आणि १७९ असे दोन आकडे आले, म्हणून मुलाने डबी नीट पाहिली तर ती उघडून पाच महिने झाले होते. डबीवर बारीक अक्षरांत ‘उघडल्यापासून ९० दिवसांत वापरा’ असे लिहिलेले आहे. मी आजवर फक्त मागची एक्स्पायरीची तारीख पाहत होते. काही स्ट्रिप अजून डबीत आहेत, त्या टाकून द्यायच्या का?

फडके काका, ए-५०३ (सकाळी ११.५२)
मीनाताई, टाकूनच द्याव्यात. आणि तुमच्या या एका प्रश्नाने माझा हिशेब अपुरा होता हे दाखवून दिले आहे, म्हणून तो पुन्हा मांडतो.

स्ट्रिपच्या टोकावर रक्तातल्या साखरेशी क्रिया करणारे एन्झाइम लावलेले असते आणि ते हवेतल्या ओलाव्याने हळूहळू निकामी होते. डबीत किंवा तिच्या झाकणात ओलावा शोषणारा पदार्थ असतो तो त्यासाठीच. पण डबी उघडली की त्याचेही आयुष्य सुरू होते. म्हणून काही कंपन्या उघडल्यावर तीन महिन्यांची मुदत देतात, काही सहा महिन्यांची, तर काही छापील एक्स्पायरीपर्यंत चालेल असे म्हणतात. आपल्या डोंबिवलीच्या पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे टाकून स्ट्रिप शोधत बसलो, तर मुदतीच्या आतही त्या बिघडू शकतात.

आता तुमची बाजू पाहा. नव्वद दिवसांत आठवड्याला दोन या दराने सुमारे २६ स्ट्रिप वापरून होतात. डबी ५० ची असेल तर २४ वाया जातात. म्हणजे ६५० रुपये ५० वर नव्हे, २६ वर पडतात, आणि तुमची १३ रुपयांची स्ट्रिप प्रत्यक्षात २५ रुपयांना पडते. सायलीच्या बाबांना हा प्रश्न येत नाही, कारण त्यांची ५० ची डबी पंचवीस दिवसांत संपते.

सायली, त्या ६९९ च्या मीटरच्या ५० स्ट्रिपच्या खोक्यात एकच डबी आहे की २५-२५ च्या दोन, हे पाहता येईल का?

सायली, बी-२०४ (दुपारी १२.२५)
काका, दुकानदाराने खोके उघडून दाखवले. ६९९ च्या मीटरच्या खोक्यात २५-२५ च्या दोन डब्या आहेत आणि १,३५० च्या मीटरच्या खोक्यात ५० ची एकच. दोन्ही डब्यांवर उघडल्यानंतरची मुदत ९० दिवसांचीच आहे.

फडके काका, ए-५०३ (दुपारी १२.४०)
मग पाहा गंमत. मीनाताईंची २५ ची डबी साडेबारा आठवड्यांत, म्हणजे मुदतीच्या आत संपते आणि एकही स्ट्रिप वाया जात नाही. वर्षाच्या १०४ तपासण्यांपैकी २५ फुकटच्या, उरलेल्या ७९ चे २३ रुपयांनी १,८१७ आणि मीटरचे ६९९ मिळून २,५१६ रुपये झाले असते. महाग मीटरच्या दहा फुकट स्ट्रिप सोडून उरलेल्या ९४ चे २५ रुपयांनी २,३५० आणि मीटरचे १,३५० मिळून ३,७०० रुपये झाले. ज्या मीटरने सायलीचे सहा हजार वाचतात, त्यानेच मीनाताईंचे बाराशेच्या आसपास जास्त गेले.

मीनाताई, मीटर टाकून देऊ नका. त्याच मीटरच्या स्ट्रिप २५ च्या डबीत किंवा एकेक वेगळ्या फॉईलमध्ये बांधलेल्या मिळतात का, ते विचारा. फॉईलमधली स्ट्रिप फोडेपर्यंत कोरडी राहते, त्यामुळे ती चार रुपये महाग असली तरी तुम्हाला परवडेल. डबी उघडाल त्या दिवशी तारीख मात्र मार्करने डबीवरच लिहा.

सायली, बी-२०४ (दुपारी १.०५)
आणखी एक विचारते. नर्सबाईंनी काल त्यांच्या मीटरवर तीन वेळा ‘एरर’ आणले आणि तीन स्ट्रिप फुकट गेल्या. हे नेहमीचे असते का?

मीनाताई, सी-१०१ (दुपारी १.१५)
सुरुवातीला होते, सायली. बहुतेक वेळा रक्ताचा थेंब पुरेसा नसतो. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, हात थोडा वेळ खाली सोडावा आणि बोटाच्या बाजूला टोचावे. बोट दाबून दाबून रक्त काढू नये. काही मीटरमध्ये थेंब कमी पडला तर पुढच्या काही सेकंदांत त्याच स्ट्रिपवर आणखी रक्त लावता येते. दुकानदाराला ही सोय आहे का ते जरूर विचार, कारण दहातली एक स्ट्रिप वाया गेली तरी तुझ्या १३ रुपयांचे साडेचौदा होतात. आणि हात धुण्यावर माझा विशेष जोर आहे. मे महिन्यात आंबा सोलून तशाच बोटाने तपासल्यावर २८० आकडा पाहून मी घरच्यांची झोप उडवली होती.

कुलकर्णी, ए-३०४ (दुपारी २.३०)
विषय निघालाच आहे तर बीपीच्या मशीनबद्दल माझी तक्रार मांडतो. वडिलांसाठी १,४०० रुपयांचे मशीन घेतले. महिनाभर वरचा आकडा १६० च्या पुढे येत होता, तर डॉक्टरांकडे मोजल्यावर तो १४० च्या आसपासच असायचा. शेवटी डॉक्टरांनी टेपने दंड मोजला, तो ३५ सेंटीमीटर भरला. मशीनसोबतचा कफ २२ ते ३२ सेंटीमीटरचा होता. लहान कफ मोठ्या दंडावर बांधला की आकडा वाढीव येतो, हे मला तेव्हा कळले. मोठा कफ वेगळा १,१०० रुपयांना पडला. त्याआधी दुसऱ्या कंपनीचा ६०० चा आणला होता, पण त्याच्या नळीचे टोक आमच्या मशीनच्या छिद्रात बसेना. शेजारच्या काऊंटरवर २२ ते ४२ सेंटीमीटरच्या कफसह मशीन १,९०० ला मिळत होते.

फडके काका, ए-५०३ (दुपारी ३.१०)
कुलकर्णी, तुमच्यासारखीच चूक माझ्या हातून सेलच्या बाबतीत झाली. आमचे मशीन चार पेन्सिल सेलवर चालते. मी साधे, पंधरा रुपयांचे सेल घालत होतो आणि पाच आठवड्यांत बॅटरीचे चिन्ह लागायचे. कफमध्ये हवा भरणारी मोटर एकदम जास्त वीज ओढते आणि साध्या सेलचा दाब तेव्हा पडतो. तेच सेल घड्याळात घातले तर आणखी काही महिने चालतात. अल्कलाइन सेल चाळीसला एक, म्हणजे चारचे १६०, आणि ते आमच्याकडे सुमारे तीनशे मोजण्या टिकतात. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजले तर महिन्याला १२० मोजण्या होतात, आणि वर्षाला सेलचेच पावणेआठशेच्या आसपास जातात. म्हणून ४५० रुपयांचा अ‍ॅडाप्टर घेतला, तो सात महिन्यांत वसूल झाला. मात्र अ‍ॅडाप्टर पुस्तिकेत दिलेला, त्याच मॉडेलचाच घ्यावा. घरातला दुसरा कुठलाही लावला तर मशीन जळण्याची भीती असते.

कफही कायमचा नसतो. आमच्या कफची नळी सांध्याजवळ चिरली होती, कारण मोजून झाले की आम्ही ती मशीनभोवती घट्ट गुंडाळत होतो. मशीन हवा भरायचे, थांबायचे, पुन्हा भरायचे आणि शेवटी एरर द्यायचे. मी मशीनच बिघडले समजून दुरुस्तीला नेणार होतो, तेवढ्यात सुनेने शेजारच्यांचा त्याच कंपनीचा कफ लावून पाहिला आणि मशीन ठणठणीत निघाले.

सायली, बी-२०४ (सायंकाळी ६.१५)
सर्वांचे आभार. १,३५० चा मीटर आणि ५० स्ट्रिपची दोन खोकी घेतली. त्यांची एक्स्पायरी अकरा महिन्यांनंतरची आहे. रक्त पुन्हा लावण्याची सोय त्यात आहे. उद्या सकाळी बाबांचे उपाशीपोटीचे रक्त लॅबला द्यायचे आहे, तर त्याच वेळी बोटावरही तपासून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहीन.

मीनाताई, सी-१०१ (सायंकाळी ६.४०)
उत्तम. त्या मानकाप्रमाणे लॅबचा आकडा १०० किंवा अधिक असेल तर मीटर पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतो, म्हणजे लॅबमध्ये १६० आले तर मीटरवर १३६ ते १८४ यांमधला आकडा ठीक समजावा. तुलना उपाशीपोटीच कर. जेवणानंतर बोटातले रक्त आणि शिरेतले रक्त यांच्या साखरेत मुळातच फरक असतो. मी आज २५ च्या डबीसाठी तीन दुकाने फिरले. तिसऱ्याने मंगळवारी मागवून देतो म्हटले आहे.