मदत हवी आहे: न्यूटन-रॅफसनमध्ये उत्तर कुठल्या कुठं पळतंय

शिरोलीचा_पत्रेवाला · रात्री ९:१२
मंडळी, जरा अर्जंट आहे. न्यूटन-रॅफसननं कोन काढतोय. ५०% ला मस्त आलं, दोन फेऱ्यांत. १०% ला पहिल्या फेरीत १२५.८, दुसऱ्या फेरीत उणे ८४०० च्या आसपास. सूत्र दहा वेळा तपासलं. एक्सेलमध्ये करतोय. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार आहे. काय चुकतंय?

रंकाळा_कट्टा · ९:२०
कसला कोन? कसले १०%? भावा, समीकरण तर सांग की.

बिंदू_चौक · ९:२४
डिग्री-रेडियनचा घोळ असणार, शंभर टक्के. एक्सेलमध्ये SIN ला रेडियन लागतं. माझ्या पोराचं बारावीला असंच झालं होतं. क्लास कुठला चांगला हेही कुणीतरी सांगा, राजारामपुरीतला असेल तर बरं.

शिरोलीचा_पत्रेवाला · ९:३१
रेडियनच आहे हो. टाकी आडवी आहे, डिझेलची. डिप काठीवर खुणा पाडून द्यायच्यात. डिझेलच्या दोन्ही काठांकडं मध्यबिंदूतून रेषा काढल्या की मध्ये जो कोन होतो तो θ. समीकरण θ − sin θ = 2πp. p म्हणजे टाकी किती भरली, १०% ला 0.1. एक्सेलमध्ये हे टाकलंय, p D1 मध्ये:

```
=A2-(A2-SIN(A2)-2*PI()*$D$1)/(1-COS(A2))
```

गोल_सीक_भक्त · ९:३५
एवढं कशाला करत बसलायस? डेटा, व्हॉट-इफ, गोल सीक. संपलं. मी कर्जाचा व्याजदर पण त्यातच काढतो. सावकार सांगतो ११ टक्के, निघतात वीस.

रंकाळा_कट्टा · ९:३७
गोल सीकलाही सुरुवातीचा आकडा तूच देतोस, आणि आत तेही असंच फेऱ्या मारत बसतं. पत्रेवाले, सूत्र बरोबर आहे. A2 मध्ये काय टाकलंत ते सांगा.

शिरोलीचा_पत्रेवाला · ९:४०
५०% ला 3 टाकलं, कारण अर्ध्या टाकीला कोन 180 अंश. १०% ला डिझेल थोडं म्हणून कोनही थोडा असणार, म्हणून 0.1.

कागलचा_मास्तर · ९:५८
इथंच गोम आहे. 0.1 ला तुमचा छेद बघा: 1 − cos 0.1 म्हणजे 0.005. वर 0.628 आहे. भागाकार जातो 125 वर. वही घेऊन θ − sin θ चा आलेख काढा. शून्याजवळ तो जमिनीला टेकून झोपलेला असतो. तिथं स्पर्शिका काढली तर तीही जवळजवळ आडवीच, मग ती 0.628 च्या उंचीला पोचणार पार सांगलीच्या पलीकडं. पद्धत चुकलेली नाही. सपाट जागेवरून तिला दिशा विचारलीत, एवढंच. आणि 125.8 ही जागाही सपाटच, कारण 2π च्या वीस पटीला ती जवळजवळ चिकटून आहे. म्हणून पुढची उडी आठ हजारांची.

A2 मध्ये =PI() टाका. १०% ला असं येईल:

```
3.1416
1.8850
1.6515
1.6270
1.6268
```

उड्या बघा: 1.26, मग 0.23, मग 0.02, मग 0.0003. उडी अशी झपाट्यानं आखडत आली की समजायचं गाडी रुळावर आहे. तुमची पहिलीच उडी 125 ची आणि कोन तर शून्य ते 6.28 मध्येच असायला हवा. तिथंच थांबायला हवं होतं, दुसरी फेरी मारायचीच नव्हती.

विद्यापीठ_रोड · १०:०५
मास्तर, एक भर घालतो. अशी उडी मारून पद्धत दुसऱ्याच मुळावर जाऊन बसते आणि आपण ते खरं धरून चालतो. ते जास्त धोक्याचं.

कागलचा_मास्तर · १०:११
एरवी होतं तसं, पण या समीकरणात नाही. θ − sin θ कायम चढताच असतो, त्यामुळं मूळ एकच. भटकून भटकून स्थिरावलं तर तेच उत्तर. फक्त स्थिरावेल याची खात्री नाही.

विद्यापीठ_रोड · १०:१४
बरं. मग π च का? नशिबानं चाललं असेल, उत्तराच्या जवळ होतं म्हणून.

कागलचा_मास्तर · १०:२२
जवळ कुठं होतं? उत्तर 1.63, सुरुवात 3.14. π च्या डाव्या बाजूला आलेख वर वळत जातो, उजव्या बाजूला खाली. टाकी अर्ध्याहून कमी असेल तर π वरून निघालेली प्रत्येक स्पर्शिका मुळाच्या उजवीकडंच उतरते आणि हळूहळू डावीकडं सरकते, मूळ ओलांडत नाही. अर्ध्याहून जास्त भरली असेल तर हेच उलटं. म्हणून टाकी कितीही भरलेली असो, π वरून निघालं तर पोचतंच. नशिबाचा प्रश्न नाही.

अर्धं_अर्धं · १०:३०
उगाच स्पर्शिका कशाला? 0 आणि 6.28 च्या मध्ये मूळ आहेच. मधला बिंदू घ्या, कुठल्या बाजूला आहे बघा, पुन्हा अर्धं करा. तेरा फेऱ्यांत हजारांशापर्यंत येतं आणि पळून जायची सोयच नाही.

गोल_सीक_भक्त · १०:३२
तेरा फेऱ्यांत माझा चहा थंड झाला.

अर्धं_अर्धं · १०:३३
उणे आठ हजारवर डिझेल मोजण्यापेक्षा थंड चहा बरा.

एसवाय_मेकॅनिकल · १०:३८
सर, मला पण मदत हवी. x³ − 2x + 2 ला 0 पासून सुरू केलं तर 1 येतं, मग 0, मग 1, मग 0. कॅल्क्युलेटर खराब आहे का?

रंकाळा_कट्टा · १०:४४
कॅल्क्युलेटर ठणठणीत आहे. 0 वरची स्पर्शिका 1 वर पाठवते आणि 1 वरची परत 0 वर. आयुष्यभर फिरत राहशील. मूळ उणे बाजूला आहे, −2 पासून सुरू कर, −1.8 येईल आणि पुढं सरळ जाईल. आता धागा पळवू नकोस, नवा काढ.

शिरोलीचा_पत्रेवाला · १०:५६
मास्तर, नाद खुळा! π टाकून १०% आलं, तेच 1.6268. व्यास २ मीटर आहे, खोली R(1 − cos(θ/2)) नं ३१.३ सेंमी. ९०% ला १६८.७. दोन्हीची बेरीज बरोबर २०० भरते, म्हणजे जमलं. फक्त १% ला सहा-सात फेऱ्या लागल्या. असं का?

कागलचा_मास्तर · ११:०४
तेच शून्याजवळचं सपाट मैदान. मूळ तिकडं सरकलं की शेवटी चालही मंदावते. टाकी पार रिकामी धरलीत तर अंतर दर फेरीला दोन तृतीयांशच राहतं, एकदम मिटत नाही. कमी डिझेलसाठी सुरुवात 6 × 2πp च्या घनमुळापासून करा. १% ला ते 0.7224 येतं, खरं उत्तर 0.7288. दोन फेऱ्यांत काम होईल. पण १% म्हणजे काठीवर साडेसहा सेंमी, तिथली खूण गिऱ्हाईक बघणार आहे का?

शिरोलीचा_पत्रेवाला · ११:०७
बघतोय कसला. तिथं हवाच ओढतो पंप.

बिंदू_चौक · ११:१०
क्लासचं कुणीच सांगितलं नाही.

जुना_फॅब्रिकेटर · ११:२१
टाकीची तोंडं सपाट आहेत का फुगीर?

शिरोलीचा_पत्रेवाला · ११:२४
डिश एंड आहेत. का?

जुना_फॅब्रिकेटर · ११:३०
मग तुमचं समीकरण फक्त मधल्या नळकांड्याचं आहे. अर्ध्यावरची खूण बरोबर येईल, पण खाली फुगवट्यात डिझेल कमी मावतं. ३१.३ च्या खुणेला खरं डिझेल १०% पेक्षा कमी असणार. किती कमी ते फुगवटा किती खोल आहे त्यावर. मी तर बादलीनं मापून खुणा पाडतो.

कागलचा_मास्तर · ११:३४
हे बरोबर आहे. फुगवट्याची खोली मोजलीय का?

शिरोलीचा_पत्रेवाला · ११:४१
टाकी गडहिंग्लजला आहे. सकाळी फोन करून विचारतो.