मदत हवी आहे: दोन खोल्या, बाळ धरून आठ माणसं, आणि बाळ दिवसा ३५ मिनिटांच्या वर झोपतच नाही

अर्धी_झोप: मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. घरात मी, नवरा, सासूसासरे, दीर, जाऊबाई आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. बाहेरच्या खोलीत टीव्ही सकाळी आठला सुरू होतो तो रात्रीपर्यंत, सासऱ्यांना कमी ऐकू येतं त्यामुळे आवाज मोठाच असतो, त्यात बेल, मिक्सर, भांडी, आणि रोज कोणीतरी येणारच. आतल्या खोलीत पाळणा आहे. रात्री बरा झोपतो, दोनदा उठतो, त्याबद्दल तक्रार नाही. दिवसा मात्र चार वेळा झोपवते आणि चारही वेळा ३०-३५ मिनिटांत डोळे टक्क उघडे, मग संध्याकाळी नुसती किरकिर. सगळ्यांना गप्प बसा म्हणू शकत नाही, एकदा म्हटलं तर दोन दिवस घरात अबोला होता. काय करू?

काकूंचं_मत: अगं सवय लाव आवाजाची. आमची मुलं बँड वाजला तरी झोपायची. तुम्ही हल्लीच्या मुली पाऊल न वाजवता चालता म्हणून मुलं हलक्या झोपेची होतात.

अर्धी_झोप: काकू, पहिले तीन महिने तोही झोपायचा हो, कुकरची शिट्टी झाली तरी हलायचा नाही. आताच बिघडलंय.

दोन_पिल्लं: माझी जुळी रात्री दर दोन तासांनी उठतात, एक उठला की दुसरी उठते. रात्रीसाठी कोणी काही सांगेल का?

अर्धी_झोप: रात्रीचा प्रश्न नाहीये गं माझा 🙂 पण जुळी आणि रात्रभर हे, तुला नमस्कार.

शांत_दुपार: काकूंचं अर्धं बरोबर आहे. अगदी लहान बाळ कशातही झोपतं, पण तीन-चार महिन्यांनंतर झोपेची घडण बदलते. आधी हलकी झोप, मग गाढ, मग परत हलकी, असा एक फेरा ४५-५० मिनिटांचा असतो आणि ३० ते ५० मिनिटांच्या मधे कधीतरी बाळ अगदी वर येतं. गाढ झोपेत टीव्हीचं काही वाटत नाही, पण त्या वर आलेल्या क्षणी बेल वाजली की संपलं. ३०-३५ म्हणजे बरोबर त्याच वेळेला उठतोय तो. म्हणून घर दिवसभर गप्प करायची गरज नाही, दोनच वेळा सांभाळायच्या: झोपवल्यानंतरची १०-१५ मिनिटं आणि मग पंचविसाव्या मिनिटापासून पन्नासाव्यापर्यंत. हात हलकेच उचलून सोडून बघ, कापडासारखा पडला तर गाढ आहे, तेव्हा मिक्सर लावला तरी बहुतेक चालेल.

पण आधी तीन दिवस वहीत लिही. कधी झोपला, कधी उठला, उठला त्या क्षणी काय वाजलं, आणि काहीच वाजलं नसेल तर तेही.

बाबा_इन_ट्रेनिंग: व्हाइट नॉइज लावा! आम्ही मोबाइल पाळण्यातच ठेवतो फुल आवाजात, दीड तास झोपते मुलगी. आणि पाळण्यावर चादर टाका, अंधार होतो.

शांत_दुपार: चादर नको रे बाबा. आत हवा कोंडते, ऊन झाल्यासारखं गरम होतं आणि बाळ कसं आहे ते दिसतही नाही. अंधार हवा तर खिडकीला जाड पडदा लावा. मोबाइलही पाळण्यात नको. सलग आवाजाची आयडिया चांगली आहे, पण तो किमान २ मीटर लांबून आणि बाळाच्या डोक्यापाशी ५० डेसिबलच्या आत. आपण साधं बोलतो तेच साधारण ६० भरतं, म्हणजे बोलण्यापेक्षा हळू. मोबाइलमधली आवाज मोजायची अ‍ॅप्स अगदी अचूक नसतात पण अंदाज येतो. बाळाला उठवतो तो बहुतेक आवाजातला बदल, मालिकेत मधेच ढँण् करून म्युझिक वाजतं ना, तो. सलग आवाजात असे बदल बुडतात. मात्र झोपायच्या आधीपासून उठेपर्यंत चालू पाहिजे, मधेच बंद झाला तर तो शांतपणाही बदलच.

अर्धी_झोप: वही लिहिली. तीन दिवसांत अकरा झोपा. पाच वेळा टीव्ही नाहीतर बेल. तीन वेळा काय झालं ते वाचून मला स्वतःचाच राग आला, मी मोबाइलवर पावसाच्या आवाजाचा व्हिडिओ लावते, तो तीस मिनिटांत संपतो आणि पुढची जाहिरात सुरू होते 🤦 आणि उरलेल्या तीन वेळा घर चिडीचूप होतं तरी उठला.

शांत_दुपार: मग त्या तीन वेळा आवाजाला दोष देऊ नकोस. हलवत झोपवतेस का? झोका चालू असताना डोळे मिटतात, वर येतो तेव्हा झोका थांबलेला, म्हणून उठतो. पूर्ण झोपेपर्यंत न हलवता डोळे जड झाले की झोका हळू करत थांबव. लगेच जमणार नाही. शिवाय त्या आधी किती वेळ जागा होता तेही बघ, या वयात साधारण दोन तास, तासाभरातच परत झोपवला तर छोटीच झोप घेणार.

टीव्ही नेमका कुठे आहे?

अर्धी_झोप: अगं भिंतीवर लावलाय. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे पाळणा 😶

शांत_दुपार: सापडलं! भिंतीवरचा टीव्ही भिंतच वाजवतो, त्यातला घुमणारा आवाज तर सरळ पलीकडे जातो. पाळणा समोरच्या भिंतीकडे ने, कपड्यांचं कपाट टीव्हीच्या भिंतीला लाव, दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल. सासऱ्यांना आवाज कमी करा म्हणू नकोस, त्यांच्या खुर्चीपाशी छोटा वायरलेस स्पीकर ठेव आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद कर. कानाजवळ असल्यामुळे त्यांना हळू आवाजही पुरेल. क्वचित ओठ आणि शब्द पुढेमागे होतात, ते त्यांना खटकेल कदाचित.

आणि चारही झोपा वाचवायला जाऊ नकोस. एकच धर, घर सगळ्यात मोकळं असतं ती. बाकीच्या तुटल्या तरी चालतील.

काकूंचं_मत: हे बरंय. पाहुण्यांना बेल दाबू नका म्हणून चिठ्ठी लावलीस तर? सासूबाईंच्या हातची, तुझ्या हातची नको, म्हणजे कोणाला लागणार नाही.

अर्धी_झोप: नऊ दिवसांनी आले. पाळणा हलवला, टॉवेल, पंखा चालू, पावसाचा आवाज आता लूपवर कपाटावरून. सासरे स्पीकरवर खूश, म्हणतात आता बातम्या नीट कळतात. चिठ्ठी सासूबाईंनीच लिहिली, "फोन करा, बेल नको". दुपारी साडेबाराची झोप मी धरलीये, नऊ दिवसांत सहा वेळा सव्वा तासाच्या वर! सकाळच्या अजून ३५ मिनिटांच्याच. संध्याकाळची पाहुण्यांमुळे होतच नाही, तेव्हा त्याला झोळीत घेऊन फिरते, चेहरा बाहेर, नाक मोकळं आणि हनुवटी छातीला टेकत नाही ना ते बघत.

झोका थांबवणं मात्र अजिबात जमत नाहीये, थांबवला की लगेच डोळे उघडतो. आणि पुढच्या आठवड्यापासून पुतणीला सुट्टी. पाच वर्षांच्या मुलीला साडेबारा ते दोन शांत कसं ठेवायचं, तेही टीव्हीशिवाय, हे कोणी सांगेल का?

दोन_पिल्लं: तिलाच राखणदार कर. आमच्या शेजारची करते, दाराशी बसून सगळ्यांना शू शू म्हणत असते. फक्त तिचं शू फार मोठं असतं 😄