तीन ट्यूबांचा पुरुषांसाठीचा संच: मापं आणि संदेश दोन्ही चुकतायत

रोहन_के (मूळ पोस्ट): पुरुषांसाठी स्किनकेअर रेंज काढतोय. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. तिन्ही १०० ग्रॅमच्या एकसारख्या काळ्या ट्यूब, तिन्हींत मेंथॉलचा गारवा आणि बॉक्सवर एकच ओळ, 'पुरुषांच्या त्वचेसाठी खास'. साधं आणि स्पष्ट. यात चुकण्यासारखं काय आहे सांगा.

वैशाली_लॅब: वस्तू तीनच, हे बरोबर आहे. बाकी सगळ्यावर आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मापं. फेसवॉश एका वेळी साधारण दीड ग्रॅम लागतो, दिवसातून दोनदा म्हणजे ३ ग्रॅम. मॉइश्चरायझर अर्धा ग्रॅम दोनदा, म्हणजे १ ग्रॅम. सनस्क्रीन चेहरा, कान आणि मान धरून सकाळी एकदा, साधारण १ ग्रॅम. आता तुमच्या १००-१००-१०० चा हिशेब करा. फेसवॉश ३३ दिवसांत संपणार आणि उरलेल्या दोन ट्यूब १०० दिवस चालणार. महिन्याने माणूस परत येईल तो फक्त फेसवॉश घ्यायला, आणि तोही समोर जो दिसेल तो उचलेल. संच तिथेच मोडला. ९०-३०-३० ठेवलंत तर तिन्ही एकदम ३० दिवसांत संपतात आणि संच संच म्हणूनच परत विकला जातो.

दुसरं मेंथॉल. नुकत्याच दाढी केलेल्या गालावर मेंथॉल झोंबतं आणि डोळ्यांजवळ गेलं की पाणी काढतं. सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यांत उतरतंच, त्यात मेंथॉल घालणं म्हणजे ट्यूब परत मागवणं.

तिसरं, ती ओळ. 'खास' म्हणजे काय खास? त्या ओळीतून माणसाला करायचं काहीच कळत नाही. 'सकाळी तिन्ही, रात्री पहिल्या दोन' एवढं लिहा आणि ट्यूबवर १, २, ३ असे ठळक आकडे टाका.

ब्रँडवाला: मापांचा हिशेब पटला. संदेशाचं मात्र साफ चुकतंय. 'सकाळी तिन्ही, रात्री दोन' ही वापरायची रीत झाली, ती बॉक्सच्या मागे जाते. पुढे एकच वचन हवं आणि ते गिऱ्हाइकाला रोज जाणवणारं हवं, उदाहरणार्थ 'दाढीनंतर आग नाही'. ज्याने आयुष्यात साबणाशिवाय काही लावलं नाही, त्याला क्रम वाचायची इच्छा होण्याआधी ट्यूब हातात घ्यायचं कारण लागतं.

वैशाली_लॅब: वचन द्यायचं तर ते तिन्ही ट्यूबांनी पाळलं पाहिजे. तिन्हींत मेंथॉल नको, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनमध्ये पटकन उडणारं अल्कोहोल जास्त नको, सुगंध नसला तर उत्तम. सनस्क्रीन हलकं लागावं म्हणून अल्कोहोल घालतात आणि आग तिथूनच होते. ते काढलं की सनस्क्रीन चिकट होतं. हे गणित सोडवल्याशिवाय ती ओळ छापू नका.

दाढी_पूर्ण: माझ्या दाढीत कोंडा होतो आणि खाज सुटते. संचात चौथं म्हणून दाढीचं तेल का नाही? तीनच वस्तूंचा हट्ट कशाला?

वैशाली_लॅब: कोंड्याला कारण असलेली बुरशी तेलातल्या फॅटी ॲसिडवरच वाढते, त्यामुळे बरीच तेलं त्रास वाढवतात. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं आणि ते सौंदर्यप्रसाधनाच्या संचात येत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

निखिल_एस: दाढीचा विषय निघालाच आहे तर खरी अडचण बोला. मॉइश्चरायझरवर सनस्क्रीन लावलं की खुंटांमध्ये पांढरे भुरके गोळे होतात आणि काळ्या शर्टावर पडतात. हा सिलिकॉनचा प्रताप. सिलिकॉनमुक्त करा, प्रश्न मिटला. कंपन्या स्वस्त पडतं म्हणून सिलिकॉन ओततात आणि लोकांना फसवतात.

वैशाली_लॅब: अर्धं बरोबर आहे. सिलिकॉन कधीकधी कारण असतं, पण काही सिलिकॉनमुक्त सनस्क्रीनचेही तसेच गोळे होतात. बहुतेक वेळा कारण खालच्या थरात असतं. मॉइश्चरायझर दाट दिसावं म्हणून त्यात कार्बोमर किंवा झँथन गम जास्त पडतो. तो वाळून पातळ पापुद्रा होतो. वरून सनस्क्रीन चोळलं की पापुद्रा सुटतो आणि त्याच्या गोळ्या वळतात. खुंट त्याला खवणीसारखे खरवडतात, म्हणून गुळगुळीत गालावर केलेल्या चाचणीत हे दिसतच नाही.

निखिल_एस: म्हणजे सिलिकॉन निर्दोष? तुम्ही लॅबवाले कायम घटकाची बाजू घेता.

वैशाली_लॅब: बाजू घेण्याचा प्रश्नच नाही, चाचणी करून बघा. दोन दिवसांच्या खुंटांवर अर्धा ग्रॅम मॉइश्चरायझर लावा, दोन मिनिटं थांबा, मग पूर्ण १ ग्रॅम सनस्क्रीन लावून वीस वेळा चोळा आणि खाली काळं कापड धरा. मग तेच सनस्क्रीन कोरड्या खुंटांवर लावा. दुसऱ्या वेळी गोळे झाले नाहीत, तर एकट्या सनस्क्रीनला दोष देता येणार नाही. मॉइश्चरायझरमधला दाटपणा कमी करा आणि परत तपासा. दोन्ही ट्यूब वेगवेगळ्या कारखान्यांतून तयार घेतल्या की हे हमखास होतं, कारण त्या एकमेकींवर कुणी लावूनच पाहिलेल्या नसतात.

निखिल_एस: ठीक आहे, चाचणी रास्त आहे. तरी सिलिकॉनवर माझा विश्वास नाही.

ब्रँडवाला: शर्टाचं निघालंय तर पांढऱ्या कॉलरवरचे पिवळे-तांबूस डागही धरा. तक्रार येते ती 'रंग उतरला' अशी आणि सगळे काळ्या ट्यूबच्या शाईवर संशय घेतात.

वैशाली_लॅब: तो सनस्क्रीनमधल्या ॲव्होबेन्झोन या ऊन अडवणाऱ्या घटकाचा डाग. धुण्याच्या पाण्यात लोह असलं की डाग गंजासारखा होतो आणि ब्लीचने जात नाही. मानेपर्यंत लावायला सांगणार असाल तर फॉर्म्युला ठरवतानाच हा विचार करा.

ट्यूबवाला: तुम्ही ९०-३०-३० कागदावर मांडलंत. एकाच व्यासाची नळी वापरली तर टोपण आणि खांदा तोच राहतो, फक्त लांबी बदलते, हा फायदा खरा. पण मग ३० ग्रॅमची ट्यूब इतकी आखूड होते की तिच्यावर मजकूर मावत नाही. घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत आणि वर तुमचा तो मोठा आकडा, सगळं कुठे बसवणार? दोन व्यास घ्या. साचे आणि किमान ऑर्डर दोन होतील, ते सोसा.

शिवाय हा हिशेब सनस्क्रीन १ ग्रॅम लावलं जातं असं धरतो. कोण लावतं? अर्धंच लावतात. फेसवॉश संपेल तेव्हा सनस्क्रीन अर्धी उरलेली असेल.

वैशाली_लॅब: हे मान्य करावं लागेल. म्हणूनच सनस्क्रीनवर मात्रा छापायची: 'दोन बोटं भरून'. एसपीएफ मोजतात तेव्हा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं. निम्मं लावलं तर ट्यूबवरचा आकडा त्वचेवर मिळत नाही. ट्यूबऐवजी अर्ध्या मिलीलीटरचा पंप दिला तर 'दोनदा दाबा' एवढंच सांगावं लागतं.

ट्यूबवाला: पंप महाग पडतो आणि प्रवासात बॅगेत दाबला जातो. पटलं नाही.

रोहन_के: मेंथॉल काढतो, ९०-३०-३० करतो. पण गारवा नसेल तर लोकांना काही लावल्यासारखं वाटेल का? आणि पुढची ओळ नक्की कोणती?

ब्रँडवाला: 'दाढीनंतर आग नाही'. गारवा हवाच असेल तर फेसवॉशमध्ये किंचित राहू दे, तो धुऊन जातो.

वैशाली_लॅब: दाढीनंतर त्याच फेसवॉशने तोंड धुतलं तर? किंचित मेंथॉलही झोंबेल आणि तुमची ओळ खोटी ठरेल. एक तर ओळ ठेवा, नाहीतर मेंथॉल. आणि काहीही छापण्याआधी माल ज्या ट्यूबमध्ये विकणार त्याच ट्यूबमध्ये भरून ४० अंशांवर तीन महिने ठेवा, काचेच्या बाटलीत नाही. दर महिन्याला वजन करा. वजन घटत गेलं तर नळीची शिवण किंवा टोपण गळतंय.

ट्यूबवाला: या शेवटच्या मुद्द्यावर वाद नाही. पंपावर आहे.