घंटागाडीच्या करारात 'दंड', 'शास्ती' की 'वजावट'?

शब्दवेल्हाळ: एका नगरपरिषदेच्या कचरा संकलनाच्या निविदेचं मराठी करून देते आहे. मसुद्यात 'पेनल्टी अँड डिडक्शन' नावाचा तक्ता आहे. गाडी आली नाही तर अमुक रुपये, कचरा सांडत नेला तर तमुक. मी 'दंड व वजावट' लिहिलं. कार्यालयातून लाल शेरा मारून परत आलं: 'दोन्ही एकच, एक शब्द ठेवावा.' खरंच एकच आहे का? आणि 'सर्व्हिस लेव्हल ॲग्रीमेंट'ला 'सेवास्तर करार' चालेल ना?

कलमबहाद्दर: 'दंड' नकोच. दंड फक्त न्यायालय किंवा शासन करतं. दोन पक्षांच्या करारात एकानं दुसऱ्याला दंड करणं बेकायदा आहे, कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, कलम 74. 'शास्ती'ही त्याच कारणानं बाद. 'नुकसानभरपाई' लिहा.

चिंचवडकर: शास्ती माफ झाली ना पण? आमच्या घराच्या बिलात अजून मागची थकबाकी दिसते. कुठे अर्ज करायचा, कुणी सांगेल का?

शब्दवेल्हाळ: दादा, तो अनधिकृत बांधकामाचा शास्तीकर. इथे ठेकेदाराची गोष्ट चालली आहे.

चिंचवडकर: असं होय. शब्द एकच, म्हणून म्हटलं. पण आमच्या गल्लीत घंटागाडीही तीन-तीन दिवस येत नाही, तेही विचारून घेतो.

जुना लेखापाल: नगरपालिकेत बिलं तपासण्यात हयात गेली, म्हणून लिहितो. ताई, तो लाल शेरा मान्य करू नका. दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत, आणि ते एक केले की नुकसान नगरपरिषदेचं होतं.

आकडे मनाचे घेतो. गाडीमागे रोजचा दर 2,400 रुपये. गाडी फिरली तर डिझेल, चालक आणि मदतनीस धरून ठेकेदाराचे 1,700 जातात, हातात 700 उरतात. करारात एवढंच आहे की गाडी आली नाही तर 1,000 रुपये दंड. आता गाडी यार्डातच उभी राहिली. खर्च वाचला, दर तर पूर्ण लागलाच, त्यातून हजार गेले, म्हणजे हातात 1,400. फिरवण्यापेक्षा न फिरवण्यात दुप्पट! ठेकेदार लबाड असायचीही गरज नाही, त्याला बेरीज-वजाबाकी आली की पुरे.

म्हणून आधी 'वजावट': जी फेरी झालीच नाही तिचे 2,400 देयच नाहीत. ही शिक्षा नाही, न आलेल्या मालाचे पैसे न देणं आहे. त्यानंतर 'दंड': लोकांच्या दारात कचरा सडला, त्याबद्दल वरचे हजार.

कलमबहाद्दर: हिशोब पटला. पण दंड न्यायालयात टिकणार नाही, हे माझं म्हणणं कायम.

जुना लेखापाल: निम्मं बरोबर आहे तुमचं. कलम 74 दंडाची रक्कम लिहायला मनाई करत नाही. ते म्हणतं की लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई मिळेल. दंड आणि भरपाई हा इंग्लंडमधला भेद आपल्या कलमानं मुद्दामच पुसून टाकला. मात्र नुकसान दाखवता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये कैलाशनाथ प्रकरणात म्हटलं आहे. त्यामुळे नाव काहीही द्या, पण गाडी आली नाही त्या दिवशी दुसरी भाड्यानं लावली असेल तर तिची पावती जपून ठेवा. लवादापुढे तीच बोलते.

आणि एक. अशा तक्त्याखाली बहुधा एक ओळ असते: 'एकूण दंड मासिक देयकाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.' आहे का तुमच्याकडे?

शब्दवेल्हाळ: आहे! तिथे 'पेनल्टी' एवढाच शब्द आहे.

जुना लेखापाल: मग लाल शेऱ्याचं नुकसान बघा. 30 गाड्या धरल्या तर महिन्याचं देयक 21,60,000, त्याचे 10 टक्के 2,16,000. वजावट वेगळी ठेवली तर या मर्यादेत हजाराचे 216 दंड बसतात, आणि मर्यादा संपली तरी न झालेल्या फेरीचे पैसे कापले जातातच. दोन्हींना 'दंड' म्हटलंत तर एका गैरहजेरीला 3,400 मोजले जाणार, आणि 63 गैरहजेऱ्यांत मर्यादा भरली. रोज दोनच गाड्या कमी आल्या तरी महिनाअखेरीस जवळपास तिथवर पोचतो. त्यापुढे गाडी न पाठवताही पूर्ण दर. असं वाचणारा वकील ठेकेदाराला मिळतोच.

मुकादमाचा पोर: शब्द ठीक आहेत, पण गाडी आली नाही हे लिहिणार कोण? माझे वडील मुकादम होते, मी आता एका ठेक्यावर पर्यवेक्षक आहे, दोन्ही बाजू बघतो. जीपीएसवर गाडी रस्त्यानं गेलेली दिसते, कचरा उचलला की नाही ते दिसत नाही. म्हणून दारोदार क्यूआर कोड लावले. पोरांनी सगळ्या कोडचे फोटो मोबाइलमध्ये घेतले आणि टपरीवर चहा पीत स्कॅन केले. संध्याकाळच्या अहवालात वॉर्ड 98 टक्के.

शब्दवेल्हाळ: आणि हे पकडलं कसं जातं?

मुकादमाचा पोर: टक्केवारी बघून कधीच नाही. वेळा काढून बघायच्या. साठ घरं चार मिनिटांत झाली असतील तर माणूस दारात गेलेला नाही. आमच्याकडच्या निरीक्षक बाई अजून सोपं करायच्या. सकाळी सात-आठ कुलूपबंद घरं हेरून ठेवायच्या, लोक गावाला गेलेली. संध्याकाळी त्या घरांपुढे 'कचरा घेतला' असेल तर तिथेच आमच्या माणसाला बोलावून पंचनामा, दोघांच्या सह्या. आम्हाला त्यांचा राग यायचा, पण त्यांनी लावलेला दंड आम्ही कधी परत मिळवू शकलो नाही. महिनाअखेरीला कार्यालयात बसून लावलेले बरेचसे परत मिळवले.

कलमबहाद्दर: हे मी मानतो. त्याच वेळची नोंद आणि म्हणणं मांडायची संधी, या दोन गोष्टी असल्या की कलमाची भीती उरत नाही.

विदर्भवासी: आमच्याकडे हिशोब टनावर. वजनकाट्यावर जेवढं भरेल तेवढे पैसे. करारात ओला-सुका वेगळा करायची अट आहे म्हणे, पण ठेकेदार राडारोडाही गाडीत घेतो. नको कशाला म्हणेल? जड आहे ना! गाडीचं रिकामं वजन वर्षातून एकदा घेतात, तेच रोज वजा करतात. एकदा मागच्या फाळक्याला पत्रा जोडला की तो पत्राही रोज कचरा म्हणून मोजला जातो.

जुना लेखापाल: टनाचा दर आणि वर्गीकरणाची अट एका करारात बैलगाडीला दोन्हीकडून बैल जुंपल्यासारखी. रिकामं वजन प्रत्येक फेरीला घेणं हा पत्र्यावर उतारा आहे. राडारोड्यावर मला तरी टनाच्या दरात उतारा सापडला नाही.

मुकादमाचा पोर: पण घरांवर दर दिला की हॉटेलांचा कचरा कुणी उचलत नाही. तेही बघितलंय.

शब्दवेल्हाळ: 'सेवास्तर' राहूनच गेलं.

विदर्भवासी: स्तर म्हणजे थर. 'सेवामान' म्हणा.

जुना लेखापाल: केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं 2008 मध्ये पाणी, मलनिस्सारण, पावसाळी गटारं आणि कचरा यांची मानकं ठरवली, तेव्हापासून 'सेवास्तर' आमच्या कानांना सवयीचा आहे. 'सेवामान' गोड आहे, पण बिल तपासणाऱ्याला ते मानधन वाटेल.

शब्दवेल्हाळ: 'सेवास्तर' ठेवते. तक्त्याचे दोन केले: 'न झालेल्या कामाची वजावट' आणि 'दंड'. मर्यादेच्या ओळीत 'वजावट या मर्यादेत धरली जाणार नाही' हे मुळात नसलेलं वाक्य मात्र मला घालता येणार नाही, मी अनुवादक. समासात पेन्सिलीनं लिहून परत पाठवते आहे.

चिंचवडकर: आणि आमची गाडी?